‘सजेस्ट’ला ‘टू’ का चालत नाही

‘माय डॉक्टर सजेस्टेड मी टू टेक रेस्ट.’ रजेच्या अर्जात हे वाक्य आपल्याकडे सर्रास दिसतं. साहेबांना अर्थ कळतो, रजाही मिळते. तरी प्रमाण इंग्रजीत हे वाक्य चुकीचं ठरतं, आणि चूक ‘टू टेक’च्या आधीच, ‘मी’पाशी सुरू होते.

‘सजेस्ट’ या क्रियापदाला लगेच पुढे माणूस चालत नाही; त्याला सुचवलेली गोष्ट लागते. ‘ही सजेस्टेड अ फिल्म’ बरोबर. कुणाला सुचवला ते सांगायचं असेल तर ‘टू मी’ असं वेगळं जोडायचं: ‘ही सजेस्टेड अ फिल्म टू मी’. मराठीत आपण ‘मला सुचवलं’ म्हणतो, म्हणून ‘सजेस्टेड मी’ ओठांवर येतं. आता गोष्टीच्या जागी एखादी कृती ठेवायची असेल, तर तिला नामाचं रूप द्यावं लागतं, आणि ते काम शेवटचं ‘इंग’ करतं. ‘माय डॉक्टर सजेस्टेड टेकिंग रेस्ट’ असं म्हटलं की झालं.

मात्र या रूपात कृती कोण करणार हे उघड होत नाही. साहेबांनी ‘आय सजेस्ट रीरायटिंग द रिपोर्ट’ असं लिहिलं, तर अहवाल नव्याने तुम्ही लिहायचा, की सगळ्यांनी मिळून? ते संदर्भावरून ताडायचं. नाव घ्यायचंच असेल तर ‘दॅट’ वापरावा: ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी टेक रेस्ट’. इथे ‘टेक्स’ किंवा ‘टुक’ नाही, नुसतं ‘टेक’, हे पाहून अनेकांना छापण्यातली चूक वाटते. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘शुड टेक’ही चालतं. आणि ‘मी टू टेक’ सोडवतच नसेल, तर क्रियापदच बदला: ‘माय डॉक्टर अॅडव्हाइज्ड मी टू टेक रेस्ट’ अगदी शुद्ध आहे. ‘अॅडव्हाइज’ला माणूस चालतो, अर्थाने सख्ख्या असलेल्या ‘सजेस्ट’ला चालत नाही. अर्थ जवळचा म्हणून रचनाही तीच, असं इंग्रजीत गृहीत धरता येत नाही.

ही अडचण एकट्या मराठी माणसाची नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ साली इंग्रजी वाक्यांच्या साच्यांवर एक पुस्तक काढलं. ‘इंटेंड टू’, ‘वाँट टू’, ‘प्रपोज टू’ कानावर पडल्यामुळे विद्यार्थी ‘सजेस्ट टू’ही बरोबर धरतो, हे त्यांनी त्यात नोंदवलं आहे. त्यांनी क्रियापदांचे साचे करून त्यांना क्रमांक दिले. आजच्या विद्यार्थी-शब्दकोशांत ‘सजेस्ट डुइंग समथिंग’, ‘डिसाइड टू डू समथिंग’ असे साचे दिलेले असतात. डोळे अर्थाकडे धावतात आणि नेमकी तीच ओळ सुटते.

‘एन्जॉय’चा घोळ त्या मानाने साधा. ‘मला वाचायला आवडतं’ यासाठी ‘आय लाइक टू रीड’ आणि ‘आय लाइक रीडिंग’ दोन्ही चालतात. म्हणून ‘आय एन्जॉय टू रीड’ही चालेल असं वाटतं, पण चालत नाही. ‘एन्जॉय’ला ‘इंग’च लागतं.

‘डिसाइड’चं उलटं आहे. ‘वी डिसाइडेड टू सेल द हाउस’ म्हणायचं, ‘सेलिंग’ नाही. एक ढोबळ कल सांगितला जातो: ‘टू’ मुळात दिशा दाखवणारा शब्द, म्हणून ठरवणं, आशा धरणं, वचन देणं अशा पुढे पाहणाऱ्या क्रियापदांना तो मानवतो; चाललेल्या किंवा घडून गेलेल्या कृतीला ‘इंग’. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अॅडमिट’ यांना हे लागू पडतं. पण ‘सजेस्ट’, ‘पोस्टपोन’ आणि ‘अव्हॉइड’ही पुढच्या गोष्टीविषयीच बोलू शकतात, तरी ‘इंग’ घेतात; आणि ‘मॅनेज्ड टू फिनिश’मधलं काम पार पडलेलं असूनही तिथे ‘टू’ आहे. तेव्हा हा कल लक्षात ठेवायला बरा, पण परीक्षेत त्याच्या भरवशावर राहू नये. क्रियापद पाठ करतानाच ‘डिसाइड टू गो’, ‘सजेस्ट गोइंग’ अशी जोडी पाठ करणं जास्त खात्रीचं.

‘टू’ दिसला की मागचापुढचा विचार न करता मूळ क्रियापद ठेवणारेही फसतात. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ हे त्यातलंच. इथला ‘टू’ शब्दयोगी आहे. तपासायचं कसं? त्याच्यापुढे एखादं नाम ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर लेटर’ जमतं ना, मग तिथे कृतीही नाम होऊनच येणार: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘डिसाइडेड टू’पुढे मात्र ‘युअर लेटर’ ठेवून वाक्य होत नाही. म्हणजे तो ‘टू’ क्रियापदाचा, आणि तिथे ‘सेल’च हवं.