दार लागलं की उडणारी घाबरगुंडी

संध्याकाळी घरी यावं तर दाराची चौकट ओरबाडलेली, फरशीवर लाळ, आणि शेजारी सांगतात, ‘तुम्ही गेल्यापासून रडतोय.’ ‘एकटं ठेवलं म्हणून डूख धरतो,’ असं मग मालक म्हणतो. ओरडा बसला की कुत्रा कान पाडून बसतो, त्यामुळे त्याला चूक कळली असंही वाटतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ सालच्या प्रयोगात मात्र काहीच न केलेल्या कुत्र्यांनीही ओरडा बसल्यावर असाच चेहरा केला. थोडक्यात, शिक्षेचा काही उपयोग नाही. उलट मालकाच्या परत येण्याचीही धास्ती बसते.

हा राग नाही, भीती आहे. माणसांच्या सोबतीनं जगणाऱ्या या प्राण्यातल्या काहींना एकटेपण अजिबात सोसत नाही. घर बदललं, दत्तक गेला, किंवा घरात सतत असणारं माणूस अचानक नोकरीवर जाऊ लागलं, की हे उफाळून येतं. कंटाळलेला कुत्रा आधी झोप काढतो, मग उशी फाडतो. घाबरलेला पहिल्या काही मिनिटांतच दाराशी येरझाऱ्या घालतो, धापा टाकतो आणि समोर ठेवलेल्या चिकनकडे ढुंकूनही बघत नाही. खात्री करायची तर मोबाईलवर चित्रण करावं.

समजा, चित्रणात दिसलं की कुत्रा चाळीस सेकंदांनी कासावीस होतो. मग सराव त्याच्या बराच आत, दहा सेकंदांपासून सुरू करायचा. त्याआधी चपला घालून पुन्हा सोफ्यावर बसावं, किल्ल्या उचलून चहा टाकावा. म्हणजे या खुणांचा ‘आता हे जाणार’ हा अर्थ पुसट होतो. मग दाराबाहेर दहा सेकंद, नंतर पंधरा, पुन्हा आठ, मग वीस. दर वेळी वेळ वाढवत नेला तर कुत्रा ती चढण ओळखतो. कान टवकारून दाराकडे टक लावली, जांभया सुरू झाल्या, की समजावं, आज जास्त झालं. उद्या मागं यायचं. अर्ध्या-पाऊण तासापर्यंत तो शांत राहू लागला की पुढच्या उड्या मोठ्या घेता येतात. तिथवर पोहोचायला काही आठवडे, कधी महिने लागतात.

खरी अडचण वेगळीच आहे. सकाळी वीस सेकंदांचा सराव आणि दुपारी चार तास कुलूप, असं केलं तर कमावलेलं सगळं जातं. म्हणून सराव चालू असेपर्यंत आजी, शेजारी किंवा डे-केअर अशी कोणाची तरी सोबत लागतेच. माझ्या मते बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. पिंजऱ्यात कोंडणं तर धोक्याचंच; घाबरलेला कुत्रा गजांवर दात मोडून घेतो.

काही कुत्री दहा सेकंदही तग धरत नाहीत. त्यांच्यासाठी पशुवैद्य फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. ते गुंगीचं औषध नाही. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि सोबत सराव नसेल तर नुसत्या गोळीनं फारसं काही साधत नाही.