साबण खोटा की पाणी जड?

श्रावणातील सुट्टीत घरी आलेल्या सातवीतल्या नातीने आंघोळीनंतर तक्रार केली, की साबण अंगाला चिकटतो पण फेस काही येत नाही. आजीलाही तोच संशय होता. दुकानदाराने खोटी वडी दिली असावी, असे म्हणून ती वडी परत करायला निघाली. नात म्हणाली, "आजी, आधी वडी खोटी की आपल्या विहिरीचं पाणी, ते तर पाहू."

अंगणात उघड्यावर ठेवलेल्या पातेल्यात पावसाचे पाणी साठले होते. छपरावरून आलेले नव्हते, म्हणून त्यात मातीचे क्षार जवळजवळ नव्हतेच. नातीने वडीचा चमचाभर कीस अर्धा कप कोमट पावसाच्या पाण्यात विरघळवला. हे द्रावण थंड झाले की घट्ट होते, म्हणून कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवला. मग दोन सारख्या बाटल्या घेऊन खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने एकीत 10 मिलिलिटर पावसाचे आणि दुसरीत तेवढेच विहिरीचे पाणी ओतले. साबणाचे थोडे थोडे थेंब टाकायचे, बूच लावून हलवायचे आणि फेस मिनिटभर टिकतो का ते पाहायचे. पावसाच्या पाण्याला 3 थेंब पुरले. विहिरीच्या पाण्यात आधी दुधासारखा गढूळपणा आला, मग पांढरी साय तरंगू लागली. फेस टिकला तो 45व्या थेंबाला.

साबण खरा होता. एकाच द्रावणाने एका पाण्यात लगेच फेस दिला, तेव्हा दोष वडीचा नव्हे. साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार असतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडियमची जागा घेतात आणि न विरघळणारा साबण तयार होतो. तीच ती साय. हे दोन्ही धातू अशा रीतीने संपेपर्यंत फेसासाठी साबण उरतच नाही. म्हणून थेंबांची मोजणी ही एका अर्थी क्षारांचीच मोजणी होय. अशा पाण्याला पुस्तकात दुष्फेन म्हणतात, आजी जड म्हणते. (कपडे धुण्याच्या पावडरीने ही चाचणी फसते, कारण ती जड पाण्यातही फेस देते.)

तेवढ्यात नातीने उत्साहाने पावसाच्या पाण्याच्या बाटलीत लिंबू पिळले. फेस विरला आणि तिथेही पांढरे कण दिसू लागले! आजी गोंधळली. लिंबाचे आम्ल साबण फोडते आणि मेदाम्ले मोकळी होतात. तो पाण्यातील क्षारांचा पुरावा नव्हे. लिंबाचे काम वेगळे होते.

आजीने पाणी तापवण्याचे जुने पातेले आणले. त्याच्या तळाशी राखी-पांढरा थर बसला होता. तिने तो चमच्याने खरवडून बशीत घेतला, बाजूला मिठाचे दोन खडे ठेवले आणि दोन्हींवर लिंबाचा रस सोडला. मीठ गप्प राहिले. थरातून मात्र बारीक बुडबुडे उठले, कान जवळ नेल्यावर हलकी चरचर ऐकू आली. तो वायू कार्बन डाय-ऑक्साइड आणि तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच भाऊ.

चुनखडी विहिरीत आली कशी? पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांच्या व सडक्या पालापाचोळ्याच्या श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड घेते आणि सौम्य आम्लधर्मी होते. आपल्या काळ्या मातीतील चुन्याचे खडे त्यात हळूहळू विरघळून बायकार्बोनेटच्या रूपाने विहिरीत येतात. पाणी उकळले की तो वायू निघून जातो आणि चुना पुन्हा घट्ट होऊन तळाला बसतो.

मग नातीने विहिरीचे पाणी झाकण ठेवून 15 मिनिटे उकळले. वाफ होऊन आटलेले पाणी पावसाच्या पाण्याने पूर्वीच्या खुणेपर्यंत भरून काढले. तसे न करता उरलेले क्षार दाट होऊन मोजणी चुकली असती. निवल्यावर वरचे पाणी फडक्यातून गाळून 10 मिलिलिटर तपासले. या वेळी 24 थेंब लागले. पावसाच्या पाण्याचे 3 वजा केल्यास आधी 42, आता 21. म्हणजे निम्मा जडपणा उकळण्याने गेला. उरलेला निम्मा सल्फेट-क्लोराइडसारख्या क्षारांचा. तो उकळून जात नाही. कपड्यांच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला तर खाली बसतो.

आजीने त्याच संध्याकाळी तूरडाळ उकळून निवळलेल्या पाण्यात शिजत घातली. नेहमी तासभर टणक राहणारी डाळ लवकर मऊ झाली. "मग हे पाणी प्यायला चांगलं की वाईट, बाळ?" तिने विचारले. नातीने बाटली उजेडात धरून पाहिली. साबणाला मिठाचा खारेपणा दिसत नाही. फ्लोराइड, नायट्रेट आणि रोगजंतू तर नाहीच नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तिने एक बाटली विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळली, काठोकाठ भरली आणि बूच घट्ट लावले.