आधी दोरा, मग सुई

जुन्या जीन्सची पिशवी शिवताना सुरुवातीच्या टिपा सरळ जातात. मग बाजूच्या शिवणीचा जाड उंचवटा येतो, मशीन ठकठक वाजायला लागते, दोन-तीन टाके सुटतात आणि सुई मोडते. बहुतेक घरांत यावर ‘आपल्या मशीनला झेपत नाही’ असा निकाल दिला जातो. तो घाईचा आहे. साध्या घरगुती मशीनवर डेनिमचे चार थर शिवता येतात, फक्त दोरा आणि सुई एकमेकांना साजेशी हवी.

निवड दोऱ्यापासून करावी, कारण सुई दोऱ्याच्या जाडीवर ठरते. जाड कामासाठी पॉलिएस्टरचाच दोरा घ्यावा. सुती दोरा ताणाला लवकर तुटतो, आणि वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्यातल्या द्रव्यांनी तो हळूहळू कुजतो. रिळावरच्या नंबराने मात्र फसू नये. तो उलटा चालतो: १२० नंबरचा दोरा रोजच्या कपड्यांचा, बारीक; ४० नंबरचा जाड, जीन्सवर उठून दिसणाऱ्या टिपेचा. आतली शिवण बारीक दोऱ्यानेही पक्की होते. जाड दोरा वरून दिसणाऱ्या टिपेपुरता ठेवावा, आणि तेव्हाही बॉबिनमध्ये बारीकच भरावा.

सुईच्या पाकिटावर ९०/१४, १००/१६, ११०/१८ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सुईच्या दांडीची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे १०० ची सुई एक मिलिमीटर जाड. सुईच्या पुढच्या अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत एक खाच असते. सुई कापडात उतरते तेव्हा दोरा त्या खाचेत लपतो. दोरा जाड आणि सुई बारीक असली तर तो खाचेत मावत नाही, कापडावर घासतो, पिंजतो आणि तुटतो. हे आधीच तपासता येतं. हातभर दोरा सुट्या सुईत ओवून तिरका, ताणून धरा. सुई आपोआप घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर एक नंबर मोठी सुई घ्या.

आता पिशवीच घेऊ: अंग डेनिमचं, तळ कॅनव्हासचा, पट्टे एक मिलिमीटर जाडीच्या चामड्याचे. डेनिम आणि कॅनव्हास दोन्ही घट्ट विणीचे, म्हणून दोन्हींना जीन्सची सुई चालते. तिचं टोक अणकुचीदार आणि दांडी मजबूत असते. आतल्या शिवणीला बारीक दोरा, १००/१६ ची सुई आणि तीन मिलिमीटरचा टाका. वरच्या टिपेला जाड दोरा, ११०/१८ ची सुई आणि साडेतीन ते चार मिलिमीटरचा टाका. जाड दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये जास्त आवळला जातो, त्यामुळे बॉबिनचा दोरा वर ओढला जाऊन ठिपक्यांसारखा दिसतो. तसं झालं की वरचा ताण थोडा सैल करावा. उलट खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फास दिसले तर ताण वाढवावा. कातरणावर ही टीप मारून पाहिल्याशिवाय पिशवीला हात लावू नये.

उंचवट्यावर टाके का सुटतात? फूट त्यावर चढताना मागे कलतं, कापड नीट दाबलं जात नाही आणि वर येणाऱ्या सुईबरोबर तेही उचललं जातं. त्यामुळे नेढ्याजवळ दोऱ्याचा फास तयार होत नाही आणि खालच्या हुकाला काही पकडता येत नाही. उपाय साधा आहे: डेनिमचीच घडी तेवढ्याच जाडीची करून फुटाच्या मागच्या भागाखाली सरकवावी, म्हणजे फूट समपातळीत राहतं. ते चार-सहा टाके चाक हाताने फिरवून घालावेत.

चामड्याचा हिशोब वेगळा. कापडाचे धागे सुईला वाट देतात आणि पुन्हा मिटतात. चामड्यात पडलेलं भोक कायमचं. म्हणून टाचण्या लावू नयेत, चिमटे लावावेत. टाकाही चार मिलिमीटरच्या आसपास ठेवावा, नाहीतर भोकांच्या ओळीवरच चामडं फाटतं. चामड्याच्या सुईचं टोक पात्यासारखं कापत जातं. ती कापडाला वापरली तर धागे कापते. सुरुवातीला-शेवटी उलट टीप मारू नये, दोरे लांब सोडून मागच्या बाजूला गाठ मारावी. फूट चामड्याला चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवावं आणि मग तो फाडून काढावा.

चामड्याचे दोन पातळ थर घरच्या मशीनवर जातात. पट्टा पिशवीला जिथे जोडतो तिथे चामडं, डेनिम आणि दुमड एकत्र येतात. तिथे मशीनवर जबरदस्ती करू नये, हाताने शिवावं. आरीने समान अंतरावर भोकं पाडून घ्यावीत. शिवणीच्या चौपट लांबीचा मेणाचा पॉलिएस्टर दोरा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवावी, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार कराव्यात. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी दुसऱ्या अंगाचा दोरा धरून ठेवतो. शेवटी दोन भोकं मागे येऊन दोरा चामड्यालगत कापावा आणि त्याचं टोक काडीच्या आचेने जरासं वितळवून दाबावं.