साडेचार लाखांची सेकंड हँड गाडी चोरीला गेली, तर विम्याचे किती पैसे मिळतील?

सेकंड हँड गाडी घेताना आपण किलोमीटर बघतो, टायर बघतो, सर्व्हिस रेकॉर्ड मागतो. विम्याचा कागद मात्र "चालू आहे ना?" एवढंच विचारून बाजूला ठेवतो. त्याच कागदावर आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर तुमच्या हातात किती पैसे पडणार हे तोच आकडा ठरवतो. तुम्ही गाडी कितीला घेतली, याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो.

आयडीव्ही ठरतो कसा?

आयडीव्ही म्हणजे इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, सोप्या भाषेत विम्यासाठी मान्य केलेली गाडीची किंमत. त्याच मॉडेलची कंपनीने जाहीर केलेली किंमत घेतात आणि त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करतात. रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशनचा खर्च यात धरत नाहीत. एक ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के घसारा लागतो आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के.

पाच वर्षांनंतर हा तक्ता संपतो. पुढचा आयडीव्ही विमा कंपनी आणि गाडीमालक आपसात ठरवतात. सेकंड हँड बाजारातल्या बऱ्याच गाड्या याच वयाच्या असतात, आणि गडबड इथेच होते. आयडीव्ही कमी दाखवला की प्रीमियम स्वस्त दिसतो.

एक उदाहरण बघूया

समजा, तुम्ही सहा वर्षं जुनी, 1200 सीसीची हॅचबॅक 4,50,000 रुपयांना घेतली. विम्याचे दोन कोटेशन आले. एकात आयडीव्ही 3,00,000 आहे, दुसऱ्यात 4,20,000. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा, म्हणजे ओन डॅमेजचा, दर दोन्हीकडे 2 टक्के धरू. पहिल्याचा प्रीमियम 6,000 रुपये होतो आणि दुसऱ्याचा 8,400. जीएसटी वेगळा. थर्ड पार्टीचा प्रीमियम दोन्हीकडे सारखाच, कारण तो आयडीव्हीवर ठरत नाही.

म्हणजे वर्षाला 2,400 रुपये वाचले. आता गाडी चोरीला गेली असं समजा. प्रत्येक क्लेममधून कापली जाणारी सक्तीची 1,000 रुपयांची रक्कम वजा केली, तर पहिल्या पॉलिसीत 2,99,000 मिळतील आणि दुसरीत 4,19,000. फरक सव्वा लाखाच्या आसपास. गाडीवर कर्ज असेल तर या पैशांवर पहिला हक्क बँकेचा असतो.

मोठा अपघात झाला तर?

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला, की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. समजा, गॅरेजने 2,50,000 रुपयांचा अंदाज दिला. पहिल्या पॉलिसीत ही मर्यादा 2,25,000 ची आहे. त्यामुळे गाडी टोटल लॉस ठरेल, 2,99,000 रुपये मिळतील आणि गाडी हातातून जाईल. दुसऱ्या पॉलिसीत मर्यादा 3,15,000 ची आहे, म्हणून तीच गाडी दुरुस्त होऊन परत मिळेल. झिरो डेप नसेल तर बदललेल्या पार्ट्सवरचा घसारा मात्र खिशातून भरावा लागेल.

बंपर किंवा दरवाजा बदलण्यासारख्या छोट्या क्लेममध्ये आयडीव्हीने फारसा फरक पडत नाही. म्हणूनच तो कमी आहे हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

मग आयडीव्ही जास्तीत जास्त ठेवायचा का?

तसंही नाही. विमा कंपनी एका ठरावीक मर्यादेतच आयडीव्ही निवडू देते. त्यातही तो बाजारभावापेक्षा वर नेला तर प्रीमियम उगाच वाढतो. शिवाय टोटल लॉसची मर्यादाही वर सरकते, आणि खूप मोडलेली गाडीसुद्धा दुरुस्तच करून घ्यावी लागते. तशीच गाडी आज बाजारात कितीला मिळते, त्याच्या जवळचा आकडा योग्य.

जुन्या मालकाची पॉलिसी चालू असेल तर?

त्या पॉलिसीवरचा आयडीव्ही त्याने निवडलेला असतो. तो सहसा नूतनीकरणापर्यंत तसाच राहतो. म्हणून सौदा पक्का करण्याआधी पॉलिसीची प्रत मागून हा आकडा बघा. फारच कमी वाटला, तर स्वतःच्या नावावर नवी पॉलिसी घेण्याचा पर्याय असतो.

जुनीच पॉलिसी ठेवायची असेल, तर गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत ती ट्रान्सफर करण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करा. गाडीसोबत थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, ओन डॅमेज येत नाही. सुप्रीम कोर्टानेही एका निकालात हेच स्पष्ट केलं. ट्रान्सफर राहून गेलं आणि गाडी चोरीला गेली, तर आयडीव्ही कितीही असो, कंपनी क्लेम नाकारू शकते.

आणखी एक गोष्ट. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो. त्या सवलतीचा उरलेल्या काळाचा फरक ट्रान्सफरच्या वेळी तुमच्याकडून घेतला जातो. त्यामुळे "विमा फक्त एवढ्यात होतो" असं विक्रेता सांगेल, तेव्हा आधी दोन गोष्टी विचारा: त्यात बोनस किती धरलाय आणि आयडीव्ही किती आहे?