वेळ बदलली, जेवणही बदला

विदर्भातल्या मे महिन्यात भर दुपारी मांडवाखाली कॉट टाकून रक्तदान शिबिर घेणं अवघडच. म्हणून एखादं मंडळ आठवडाभर आधी ठरवतं की सकाळी ९ ऐवजी संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत शिबिर घ्यायचं. मग नोंदणी केलेल्या दात्यांना निरोप जातो: ‘उन्हामुळे रविवारच्या शिबिराची वेळ बदलली आहे. ठिकाण तेच.’ एवढ्यावर तो थांबला, तर संध्याकाळी काही दाते परत जाणार हे नक्की.

सकाळच्या शिबिराला लोक पोहे-उपमा खाऊन येतात आणि फारशी अडचण येत नाही. संध्याकाळी पाचचं गणित वेगळं असतं. रविवारी बाराला जेवलेला माणूस साडेपाचला कॉटवर आडवा होतो, तेव्हा पोट रिकामं होऊन बराच वेळ झालेला असतो. त्यात दिवसभर घाम गाळलेला. अंगातलं पाणी आधीच कमी असताना ३५० मिलिलिटर रक्त निघालं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्यांदा रक्त देणाऱ्या, वजनाने हलक्या तरुणांना हा त्रास जास्त होतो. म्हणून संध्याकाळच्या शिबिराला येताना साडेतीन-चारच्या सुमारास पोळी-भाजी, इडली किंवा केळी-पोहे असं काहीतरी खावं आणि निघण्यापूर्वी दोन ग्लास पाणी प्यावं.

रविवार म्हटला की मटणाचा बेत आलाच. तळलेलं किंवा तर्रीचं जेवण झालं की त्यातली चरबी काही तास रक्तात राहते आणि एरवी पिवळसर, पारदर्शक दिसणारा प्लाझ्मा दुधाळ होतो. तसा प्लाझ्मा बहुधा वापरता येत नाही, आणि रक्ताच्या काही चाचण्यांतही घोटाळा होतो. तो बेत रक्तदान उरकून रात्री केलेला बरा.

उपवासाचंही तसंच. संकष्टी असेल तर चंद्रोदयापर्यंत उपाशी असलेली व्यक्ती संध्याकाळी ५ वाजता शिबिरात येऊ शकते. नियमानुसार उपवास धरलेल्या व्यक्तीकडून रक्त घेत नाहीत. तारीख ठरवताना आयोजकांनी पंचांगावर नजर टाकलेली बरी.

वेळ पुढे ढकलण्यालाही मर्यादा आहे. रक्तातून प्लेटलेट वेगळ्या करायच्या असतील, तर पिशवी साधारण ६ ते ८ तासांत रक्तपेढीच्या यंत्रापर्यंत पोहोचून तिच्यावर काम व्हावं लागतं. डेंग्यूच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला लागतात त्या याच प्लेटलेट, आणि त्या टिकतात जेमतेम ५ दिवस. रात्री १० पर्यंत शिबिर रेंगाळलं आणि रक्तपेढी दूरच्या जिल्हा ठिकाणी असली, तर ही मुदत हातची जाते. त्यामुळे वेळ बदलण्याआधी रक्तपेढीला विचारणं आलंच.

आता दात्याची पात्रता. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. मागच्या रक्तदानाला पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवस झालेले असावेत. हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं, आणि बहुतेक दाते परत जातात ते इथेच. बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो १५ सेकंदांत बुडाला तर दाता पात्र, तरंगत राहिला तर नाही. दुपारी बीटचा रस प्यायल्याने हा थेंब बुडत नाही. हिमोग्लोबिन वाढायला आठवडे-महिने लागतात. परत गेलेल्या बायकांना ‘पुढच्या वेळी या’ एवढंच सांगून पाठवणं मात्र चूक आहे. त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगावं.

वेळ बदलल्याने काहींची सोयही होते. एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या कामगाराला नऊच्या शिबिरात घेता आलं नसतं, कारण पुरेशी झोप न झालेल्याचं रक्त घेत नाहीत. दिवसभर झोप काढून तो संध्याकाळी येऊ शकतो. पण त्याच रात्री पुन्हा पाळी असेल, लांब पल्ल्याची गाडी चालवायची असेल किंवा अंगमेहनतीचं काम असेल, तर त्याने रक्तदान पुढच्या सुट्टीवर टाकावं.

रक्तदाबाची रोजची गोळी शिबिरासाठी चुकवू नये. गोळी घेऊन दाब आटोक्यात असेल तर रक्त देता येतं. फक्त तपासणाऱ्या डॉक्टरांना ते सांगायला हवं.

तेव्हा निरोपात नव्या वेळेखाली आणखी दोन ओळी हव्यात: ‘चारच्या सुमारास हलकं खाऊन, पाणी पिऊन या. तळलेलं नको, उपवास नको, झोप पुरेशी हवी.’ शिवाय एक फोन नंबर. आणि ज्यांना नवी वेळ जमणार नाही, त्यांनी आदल्या दिवशीच तसं कळवावं. किती पिशव्या आणि किती माणसं पाठवायची, हे रक्तपेढी नोंदणीच्या आकड्यावरूनच ठरवते.