टाचण मागणाऱ्याची चिठ्ठी

शाळेत जाऊन एखादा तास घेण्याचा प्रसंग आता केवळ शिक्षकांवरच येतो असे नाही. कोणी शिक्षक रजेवर असतात, मुख्याध्यापक ओळखीच्या पालकाला गळ घालतात, आणि बँकेत रोखपाल असलेले एखादे गृहस्थ होकार देऊन बसतात. मग रात्री ते आपल्या शिक्षक स्नेह्याकडे चिठ्ठी धाडतात : ‘उद्या शाळेत गणिताचा तास घ्यायचा आहे. कृपा करून एक चांगलेसे पाठटाचण लिहून द्यावे.’ चिठ्ठी नम्र आहे, अक्षर सुरेख आहे. परंतु इयत्ता कोणती, घटक कोणता आणि वेळ किती, यांपैकी एकही गोष्ट तीत नाही.

स्नेही भिडस्त असला तर तो टाचण लिहूनही देतो. ते साधारणपणे असे असते : प्रथम मुलांचे पूर्वज्ञान तपासावे, नंतर उदाहरणांच्या साहाय्याने विषय समजावून द्यावा, मुलांना प्रश्न विचारावेत, शेवटी गृहपाठ द्यावा. यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि एकही उपयोगाचे नाही. असे टाचण ओळखण्याची माझी कसोटी सोपी आहे. त्यावरचा ‘गणित’ हा शब्द खोडून ‘भूगोल’ लिहावा. खालचा मजकूर तसाच्या तसा चालत असेल, तर ते टाचण नव्हे, कोरा कागद आहे.

अध्यापन महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या जी ‘पंचपदी’ शिकवली गेली, तिचे मूळ जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या विचारात आहे. त्याने स्वतः चार पायऱ्या सांगितल्या होत्या. त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांच्या हातून त्या पाच झाल्या. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. पुढे ही पदे यांत्रिकपणे पाठ करण्याचा सोस वाढला, तो सोडून द्या. परंतु पहिल्याच पदात एक गोष्ट गृहीत आहे : नवे ज्ञान मुलाच्या जुन्या ज्ञानाला जोडायचे. ते जुने ज्ञान कोणते, हे ठाऊक नसेल तर पहिले पाऊलच टाकता येत नाही.

समजा, आपल्या रोखपालांना स्नेह्याने उलट विचारले आणि उत्तर आले : ‘पाचवीचा वर्ग, अपूर्णांक, पस्तीस मिनिटे.’ तिन्ही गोष्टी मिळाल्या असे वाटते. पण ‘अपूर्णांक’ हा केवढा तरी प्रदेश आहे! व्यवहारी की दशांश? लहानमोठेपणा ओळखायचा की बेरीज करायची? बेरीज असेल तर छेद सारखे की वेगळे? म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो ‘मागच्या आठवड्यात वर्गात काय झाले?’ असा विचारावा. यातून घटकही कळतो आणि पूर्वज्ञानही कळते. नुसती इयत्ता पुरेशी नसते. दोन शाळांतले पाचवीचे वर्ग एकाच दिवशी एकाच पानावर क्वचितच असतात. लहान गावातल्या द्विशिक्षकी शाळेत तर एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन इयत्ता बसलेल्या असतात, तिथे ‘इयत्ता कोणती’ याचे उत्तर एक आकडा नसतेच.

उत्तर येते : छेद सारखे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज झाली आहे, १/२ म्हणजेच ३/६ हेही मुलांना येते, आता वेगळ्या छेदांची बेरीज सुरू करायची आहे. आता टाचण लिहिता येईल.

पस्तीस मिनिटांतली पाच वर्ग बदलण्यात आणि वह्या काढण्यात जातात. उरली तीस. पहिली चार मिनिटे दोनच प्रश्नांची : १/५ आणि २/५ मिळून किती, आणि १/२ म्हणजे सहांतले किती. दुसऱ्या प्रश्नाला अर्धा वर्ग अडला, तर तिथेच थांबून तोच पाठ घ्यावा; नवी बेरीज त्या दिवशी होणार नाही, आणि ती रेटू नये.

मुले अडली नाहीत, तर फळ्यावर १/२ + १/३ लिहावे आणि उत्तराचा अंदाज विचारावा. बरीच मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ म्हणतील. ‘चूक’ असे म्हणू नये. एवढेच विचारावे : पाचांतले दोन हे अर्ध्याहून जास्त की कमी? पाचांचे निम्मे अडीच, म्हणजे दोन हे कमीच. मग अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी कशी झाली? इथे वर्ग गप्प होतो. या शांततेसह सहा मिनिटे गेली तरी ती वाया गेली नाहीत.

पुढची बारा मिनिटे कागदाच्या पट्ट्यांची. प्रत्येक पट्टी बारा सेंटिमीटर लांबीची, आदल्या रात्रीच कापून ठेवलेली. वर्गात कापायला घेतल्या तर तास कात्रीतच संपतो. बाराच का? कारण तिचा अर्धा सहा, तिसरा हिस्सा चार, चौथा तीन आणि सहावा दोन सेंटिमीटर. सगळे पट्टीवर मोजून पूर्ण येतात. मुले सहा आणि चार सेंटिमीटर लागोपाठ रंगवतात. बारांपैकी दहा रंगले. तेच दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे मानले तर सहांपैकी पाच, म्हणजे ५/६. लगेच १/३ + १/४ करून घ्यावे. चार आणि तीन मिळून सात, म्हणजे ७/१२.

यानंतर चार मिनिटांत मुलांकडूनच वदवून घ्यावे की दोन्ही अपूर्णांक आधी एकाच मापाच्या तुकड्यांत मोजले, मगच मिळवले. समच्छेद हा शब्द आता सांगावा, आधी नाही. शेवटची चार मिनिटे प्रत्येकाच्या वहीत एकच उदाहरण, पट्टीशिवाय : १/३ + १/६. वहीत २/९ दिसले तर पाठ पोचला नाही. ३/६ दिसले तर पोचला. त्याचे १/२ केले नसले तरी आजच्या हिशेबात तो दोष नव्हे.

आता वेळेचे महत्त्व पाहा. वीसच मिनिटे असती, तर पट्ट्या वाटणे रद्द. फळ्यावर एकच मोठी पट्टी डकवून १/२ + १/३ एवढेच करावे, दुसरे उदाहरण सोडावे. पण अंदाजाचा प्रश्न आणि शेवटचे वहीतले उदाहरण सोडू नये. तास भराचा असता, तर १/२ + १/५ घालावे. एक-पंचमांश म्हणजे बाराच्या पट्टीवर २.४ सेंटिमीटर, तुकडे नीट बसत नाहीत, आणि मुलांना दहा सेंटिमीटरची पट्टी हवीशी वाटते. छेदांचा लसावि का काढायचा, हे त्या गरजेतून कळते. पस्तीस मिनिटांत हे घुसडले तर मात्र आधीचेही विसकटते.

चिठ्ठी रात्री दहाला आली आणि उलट विचारण्याची सोयच नसली, तर स्नेह्याने टाचणाच्या माथ्यावर स्वच्छ लिहावे : ‘पाचवी, वेगळ्या छेदांची बेरीज, पस्तीस मिनिटे असे धरले आहे. मुलांना १/२ म्हणजे ३/६ हे येत नसेल तर दुसरे पान घ्यावे. घंटा लवकर झाली तर १/३ + १/४ गाळावे.’ आणि दुसऱ्या पानावर सममूल्य अपूर्णांकांचा पाठ, त्याच पट्ट्या घेऊन.