दोन्ही टोकं जखडलेला पाइप

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्यापासून आत वळलं की काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे या सगळ्या पट्ट्यात गोदामांच्या रांगाच रांगा लागतात. यातल्या पुष्कळ गोदामांत बोअरवेलच्या पाण्याची लाइन एकाच पद्धतीने गेलेली असते. ती काँक्रीटच्या जमिनीतून वर येते, लोखंडी खांबाला पट्ट्यांनी आवळलेली असते आणि वर पत्र्याखालच्या भिंतीत शिरून टाकीकडे जाते. खाली काँक्रीट, वर विटांची भिंत, आणि मधे काय तो उघडा भाग. हॅन्ड पॅलेटचा काटा किंवा रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोची फळी नेमकी तिथेच लागते.

धक्का हे उघड कारण. पण धक्का न लागताही असा पाइप चिरतो. पीव्हीसी तापलं की बऱ्यापैकी वाढतं. एक मीटर पाइप एका अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतो, म्हणजे पत्र्याखालचा तीन मीटरचा पाइप पहाटेपासून दुपारपर्यंत २५ अंशांनी तापला तर पाच मिलिमीटरच्या आसपास वाढू पाहतो. दोन्ही टोकं पक्की असल्यावर ही वाढ जायला जागा नसते. पाइप किंचित वाकतो, रात्री परत ताणला जातो, आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत जिथे आधीच ओरखडा किंवा घट्ट पट्टी असते तिथे चीर पडते.

समजा, अशा एका गोदामात ६३ मिलिमीटरच्या पाइपला जमिनीपासून दीड फुटावर १२ सेंटिमीटरची उभी चीर पडली आहे. पंप चालू केला की पाण्याचं बारीक कारंजं उडतं. मालकाने आधी एम-सील लावून पाहिलेलं असतं, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली असते. दोन-चार दिवस भागतं, मग पुन्हा तेच. कारण उघड आहे. एम-सील बाहेरून बसतं आणि पाणी आतून ढकलतं. शिवाय दाबाखाली चीर पुढे सरकतच असते. दिसते १२ सेंटिमीटर, पण दोन्ही टोकांना नजरेला न दिसणारी केसासारखी रेघ पुढे गेलेली असते. म्हणून दिसणाऱ्या चिरेच्या दोन्ही बाजूंना निदान पाच-पाच सेंटिमीटर सोडून कापायचं. म्हणजे आपल्या पाइपमधून २२ सेंटिमीटरचा तुकडा निघणार.

तुकडा काढला, नवा कापला, आता दोन कपलर लावून जोडायचा, एवढंच काम उरलं असं वाटतं. इथेच नवखा माणूस अडकतो. नेहमीच्या कपलरच्या आत मधोमध एक कडा असते. दोन्ही बाजूंचे पाइप त्या कडेला टेकेपर्यंत आत जातात. ६३ च्या कपलरमध्ये पाइप साधारण ३८ मिलिमीटर आत जातो. खालच्या टोकावर असा कपलर बसवला तर नवा तुकडा त्यात घालण्यासाठी आधी ३८ मिलिमीटर वर उचलावा लागतो. पण वर भिंतीत गाडलेला पाइप आहे, आणि त्याचं तोंड नव्या तुकड्याच्या डोक्याला टेकलेलं आहे. पाइप मोकळा असता तर जरा बाजूला ओढून, थोडा वाकवून बसवता आला असता. इथे तो एक सूतही हलत नाही. ३८ मिलिमीटर जागा मिळावी म्हणून तुकडा आखूड कापला, तर वरच्या जोडात तेवढीच फट राहते आणि वरच्या कपलरला दोन्हीकडे धरायला जेमतेम दोन-दोन सेंटिमीटर पाइप मिळतो. दाबाच्या लाइनला ते पुरत नाही.

यावरचा इलाज म्हणजे स्लिप कपलर. काही दुकानांत त्याला रिपेअर कपलर म्हणतात. याच्या आत कडा नसते आणि नळी सरळसोट असते, त्यामुळे तो पाइपवर पूर्ण सरकून मागे जाऊ शकतो. दोन्ही कपलर आधी पाइपवर चढवून ठेवायचे, नवा तुकडा आडवा, बाजूने फटीत बसवायचा आणि मग कपलर जोडावर सरकवून आणायचे. वर उचलायचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे तुकडाही जवळजवळ फटीएवढाच कापता येतो. २२० मिलिमीटरच्या फटीला २१६ चा तुकडा, दोन्ही टोकांना दोन-दोन मिलिमीटर मोकळे. त्याहून तंग कापला तर तो बसवताना हातोडी घ्यावी लागते, आणि हातोडीने जुना पाइप काँक्रीटच्या तोंडाशी फुटू शकतो.

दुकानात जाण्यापूर्वी मात्र पाइप मोजून जायचं. काउंटरवर ‘दोन इंची द्या’ म्हटलं की घोळ होतो. शेतीच्या आणि बोअरच्या लाइनला वापरतात तो आयएस ४९८५ चा पाइप बाहेरून ६३ मिलिमीटर असतो. इमारतीच्या प्लंबिंगमध्ये वापरतात तो शेड्यूल ४० चा दोन इंची पाइप बाहेरून ६०.३ मिलिमीटर. दोघांनाही दोन इंचीच म्हणतात, पण एकाचा कपलर दुसऱ्याला चालत नाही. एक इंचीतही तसंच आहे, ३२ आणि ३३.४. व्हर्नियर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजायची. ६३ च्या पाइपला दोरा जवळपास १९८ मिलिमीटर भरतो, ६०.३ च्या पाइपला १८९. सगळ्यात सोपं म्हणजे कापलेल्या तुकड्याचा धड भाग खिशात घालून दुकानात जायचं.

आणि दुकानात स्लिप कपलर नसेल तर? तो सगळीकडे मिळत नाही, हे खरं. मग प्लंबर नेहमीचा कपलर घेतो आणि आतली कडा अर्धगोल कानशीने घासून काढतो. ही युक्ती जुनी आहे आणि सांडपाण्याच्या लाइनवर चालूनही जाते. दाबाच्या लाइनवर मला ती पटत नाही. नेहमीचा कपलर आतून किंचित निमुळता असतो, तोंडाशी रुंद आणि मध्याकडे तंग. तंगपणा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण सोल्यूशन लावल्यावर पाइप आणि कपलर तिथेच एकमेकांत दाबून बसतात. पाइप आरपार सरकावा म्हणून हा तंग भाग कानशीने उडवला, की उरते ती फट, आणि ती भरायची तर सोल्यूशनचा थर जाड लागतो. सोल्यूशन हा फट भरणारा गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभागांचं प्लास्टिक विरघळवून मऊ करतं आणि आतला द्रव उडून गेला की दोन्ही एकजीव होतात. पृष्ठभागच एकमेकांना टेकले नाहीत तर जोड दुबळाच राहतो.

रबर रिंगवाले रिपेअर कपलरही मिळतात. त्यांना सोल्यूशन लागत नाही, साबणाचं पाणी लावून सरकवायचे. ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. अशा कपलरमध्ये पाइपला थोडी वाढायला जागा मिळते, हा आपल्या पत्र्याखालच्या लाइनसाठी मोठा फायदा. पण रिंग पाइपला लांबीच्या दिशेने धरून ठेवत नाही. टाकी १० मीटर उंचीवर असेल तर खाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब असतो, म्हणजे ६३ च्या पाइपच्या टोकावर ३० किलोच्या आसपास जोर. दोन्ही टोकं काँक्रीटमध्ये आणि भिंतीत असतील तर हा जोर तीच घेतात. वरचा एल्बो नुसता लटकत असेल तर पाइप कपलरमधून निसटून बाहेर येईल.

आता प्रत्यक्ष काम. पंपाचा मेन स्विच काढून ठेवायचा, कोणी चुकून चालू करू नये म्हणून. हॅक्सॉने कापताना पात्याकडे लक्ष द्यायचं. चांगल्या पाइपमधून पांढरट बारीक कीस पडतो. कीस न पडता कपचे उडू लागले, किंवा पात्याच्या पुढे नवी चीर धावू लागली, तर पाइप उन्हाने ठिसूळ झालेला आहे. मग कपलरने काही साधत नाही, आज इथे जोडला की महिन्याभरात एक फूट वर फुटेल. तिथेच थांबून पूर्ण लाइन बदलायचा विचार करावा.

काप काटकोनात हवा. त्यासाठी पाइपभोवती कागदाची पट्टी काठाला काठ जुळवून गुंडाळायची आणि तिच्या कडेने कापायचं. आतला-बाहेरचा कीस चाकूने काढायचा, बाहेरची धार किंचित तासायची. नाहीतर कपलर सरकताना ती धार सोल्यूशन खरवडून पुढे ढकलते.

पाणी हा या कामातला खरा शत्रू. खाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर खालचं टोक काठोकाठ भरलेलं राहतं, बारीक नळीने पाणी ओढून पातळी वीतभर खाली न्यावी लागते. वरच्या टोकातून थेंब ठिबकत राहतात. त्यावर प्लंबरांचा जुना उपाय म्हणजे पावाचा मऊ तुकडा आत कोंबणे. तो थेंब शोषतो आणि नंतर पाण्याच्या जोराने विरघळून टाकीकडे जातो. म्हणून पहिलं पाणी टाकीत न घेता बाहेर सोडायचं.

मग खुणा. कपलरची लांबी मोजायची, समजा ७८ मिलिमीटर आली. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना ३९ मिलिमीटरवर पाइपवर मार्करने गोल रेघ काढायची. कपलरच्या आत कडा नसल्यामुळे तो कुठे थांबवायचा हे फक्त ही रेघ सांगते. रेघ न काढता अंदाजाने सरकवलेला कपलर एका बाजूला पाच सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम तीन चढतो, आणि सोल्यूशन धरल्यावर तो कोणाच्या बापाला हलत नाही.

जमिनीतून वर आलेलं टोक निदान १२ सेंटिमीटर असेल तर खालचा कपलर त्यावर, रेघेच्याही मागे, चढवून ठेवावा. तेवढी जागा नसेल तर दोन्ही कपलर नव्या तुकड्यावर चढवायचे, २१६ मिलिमीटरमध्ये ते मावतात. एकदा कोरडंच सगळं सरकवून पाहायचं. मग एका वेळी एकच जोड घ्यायचा. दोन्ही पाइपच्या टोकांना खुणेपर्यंत सोल्यूशनचा भरपूर थर, आणि कपलर एका दमात, पाव वेढा फिरवत, दोन्ही रेघांच्या मधे आणायचा. अर्ध्यात थांबलं की संपलं. मानकोलीच्या मे महिन्यात हातात काही सेकंदच असतात, म्हणून दोन माणसं हवीत. एक सोल्यूशन लावतो, दुसरा सरकवतो. डब्यातलं सोल्यूशन चिकट तारा सोडत असेल तर ते फेकून द्यावं, थिनर घालून पातळ करू नये.

नीट बसलेल्या जोडाच्या काठावर सोल्यूशनची सलग बारीक गोट दिसते. ती एखाद्या ठिकाणी तुटलेली दिसली तर तिथे थर कोरडा पडलेला असतो आणि पाणी तिथूनच येतं. पावसाळ्यात दमट हवेत सोल्यूशन सावकाश सुकतं, म्हणून पंप दुसऱ्या दिवशी लावलेला बरा. चालू केल्यावर टिश्यू पेपर कपलरच्या खालच्या काठाभोवती फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. बंद करतानाही पुन्हा एकदा पाहायचं, कारण पंप थांबताना परत आदळणाऱ्या पाण्याचा झटका चालू दाबापेक्षा जास्त असतो.

खांबाच्या पट्ट्या परत लावताना कपलरवर आवळू नयेत. त्याच्यापासून हातभर दूर, पाइप आत सहज सरकेल इतक्या सैल ठेवाव्यात, आणि पॅलेटच्या उंचीला खांबाभोवती लोखंडी अँगलचं कुंपण घालून घ्यावं.